एक ते सहाशे

मधुसूदन सर वारले तेव्हा त्यांचं सहाशेवं वाक्य पुरं झालेलं होतं आणि सहाशे एकावं सुरू व्हायचं होतं. शिस्तीचा माणूस, मध्येच सोडून गेला नाही.

वाक्यं एअर कूलरची होती. ग्वाल्हेरला मुरारच्या पलीकडे कूलरचा एक कारखाना होता. त्यांच्या हिंदी माहितीपुस्तिका मराठीत करून विदर्भात विकायच्या होत्या, आणि ते काम नई सडकेवर एका साडीच्या दुकानाच्या वर असलेल्या कंपनीकडे आलं होतं. कंपनीत तीन माणसं होती. मालक संग्रामसिंह, इंजिनिअर गरिमा आणि मधुसूदन सरांचा मुलगा पुष्कर. भाषांतर माणसानं करायचं नव्हतं, मशीन करणार होतं. पण मशीननं बरोबर केलं की नाही हे कळायला एक उत्तरपत्रिका लागते, म्हणजे तीच वाक्यं आधी माणसानं मराठीत केलेली. अशी हजार वाक्यं हवी होती. पुष्करचे वडील शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले होते आणि घरी बसून बातम्यांमधल्या चुका काढत होते. काम त्यांना दिलं.

त्यांनी ते जुन्या परीक्षांच्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर, काळ्या शाईनं केलं. पुष्कर रोज संध्याकाळी टाईप करायचा. हिंदीत ‘कृपया ध्यान दें’ असेल तर सर लिहीत, ‘इकडे लक्ष द्या, एकदाच सांगतो.’ हिंदीत ‘टंकी में पानी न होने पर पंप खराब हो सकता है’ असेल तर सर लिहीत, ‘कोरड्या टाकीवर पंप चालवाल तर पंप मरेल, आणि गेलेला पंप परत येत नाही.’ पुष्कर एकदा म्हणाला, “बाबा, कूलर आहे हो.” सर म्हणाले, “कूलर आहे म्हणून काय वाटेल तसं लिहायचं?”

मार्चच्या नऊ तारखेला ते सकाळी चहा पिऊन पुन्हा आडवे झाले, आणि उठले नाहीत.

त्यानंतरचे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. पुष्करला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं हे त्याला माहीत होतं, त्यामुळे तो अधूनमधून स्वतःच्या आत डोकावून बघायचा. आत कुणी नसायचं. चौथ्या दिवशी त्याला एक शोध लागला की लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही. मग तो लॅपटॉप उघडून बसायला लागला. समोर सहाशे एक ते हजार ही वाक्यं होती. त्यानं ती मशीनमध्ये घातली, जे बाहेर आलं त्यावरून नजर फिरवली, इथं एक स्वल्पविराम टाकला, तिथं ‘सुरू’चं ‘चालू’ केलं, आणि ते चारशे तुकडे उत्तरपत्रिकेत चिकटवून दिले. ज्या मशीनची परीक्षा घ्यायची, त्याच मशीनच्या हातचा पेपर उत्तरपत्रिका म्हणून. एका अर्थानं मुलानं बापाचं काम पुरं केलं, असं दहाव्या दिवशी एक मावशी म्हणाल्यासुद्धा.

एप्रिलच्या शेवटी संग्रामसिंह खुर्चीतून उठला. हे तो क्वचित करायचा. त्याच्या घराण्यात सगळे पूर्वी फौजेत होते. त्याच्या वाट्याला उंची तेवढी आली होती. मराठी त्याला बोलता यायची, वाचताही यायची, पण जोडाक्षर आलं की तो घोडा अडावा तसा अडायचा.

“चौदावरून एकेचाळीस,” तो म्हणाला. “गरिमा, तुम तो कमाल हो यार. मार्चमध्ये ब्लू चौदा होता. आता एकेचाळीस.”

ब्लू हा मशीनच्या भाषांतराला मिळणारा गुण. मशीनचं वाक्य घ्यायचं, माणसाचं वाक्य घ्यायचं, आणि एकेक शब्द, दोन-दोन, तीन-तीन आणि चार-चार शब्दांच्या साखळ्या किती जुळतात ते मोजायचं. मशीननं फार त्रोटक लिहिलं तर थोडे कापायचे. शून्य ते शंभर. अर्थ कुणी विचारत नाही. अर्थ त्या हिशेबात नाहीच.

“सर, मैंने कुछ किया ही नहीं,” गरिमा म्हणाली. ती भिंडची होती. मराठीतलं तिला ‘हो’ आणि ‘नाही’ कळायचं, पण आकड्यांच्या बाबतीत तिला खोटं बोलता येत नसे. हा तिचा एक दोष होता. “मॉडल वही मार्च वाला है. सिर्फ़ टेस्ट में चार सौ वाक्य नए जुड़े हैं.”

तिनं चाचणी दोन भागांत तोडली. एक ते सहाशे, ब्लू चौदा. सहाशे एक ते हजार, ब्लू त्र्याऐंशी.

खोलीत पंखा फिरत होता. पुष्कर पंख्याकडे बघत होता.

“त्र्याऐंशी?” संग्रामसिंह म्हणाला. “इतना तो मला दहावीत पण नाही मिळाला.”

एका माणसाचं भाषांतर दुसऱ्या माणसाच्या भाषांतराशी ताडून पाहिलं तरी इतका गुण येत नाही, हे पुष्करला माहीत होतं आणि गरिमालाही. गरिमानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग दुसरी चाचणी लावली. तिच्याकडे मराठीचं एक वेगळं मॉडेल होतं, भाषांतर न करणारं, नुसतं पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणारं. त्याला एखादा मजकूर दिला की ते दर पावलाला किती गोंधळतं याचा आकडा काढता येतो. त्याला म्हणतात परप्लेक्सिटी. आकडा अकरा आला तर समजायचं, मॉडेल जणू दर वेळी अकरा सारख्या दारांसमोर उभं आहे. आकडा जितका लहान, तितका मजकूर त्याच्या ओळखीचा.

पुष्करच्या चारशे वाक्यांचा आकडा अकरा आला. सरांच्या सहाशे वाक्यांचा चारशे बारा.

“चारशे बारा दरवाजे,” संग्रामसिंह आदरानं म्हणाला. “पुष्कर, बुरा मत मानना. सरांसाठी माझ्या मनात किती इज्जत आहे तुला माहितीये. पण दोन-दोन गवाह तेच सांगतायत. मशीनशी जुळत नाही, आणि मराठीच्या मॉडेलला पण ती मराठी वाटत नाही. शुक्रवारी कारखान्याला रिपोर्ट जायची आहे. एक ते सहाशे काढून टाक. चारशे ठेवू, त्र्याऐंशी पाठवू.”

“काढून म्हणजे?”

“डिलीट. नाहीतर कुणीतरी पुन्हा चालवेल आणि चौदा बघेल.”

तेव्हा पुष्करला सात आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी झालं. तो म्हणाला, “बघतो,” आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

दुपारभर त्यानं त्या दोन गवाहांची उलटतपासणी केली. बाकी करण्यासारखं काही नव्हतंच.

आधी मॉडेल. त्याला त्यानं ‘चालू चालू चालू’ असं दोनशे वेळा लिहून दिलं. परप्लेक्सिटी एकाच्या जरा वर. मॉडेल एकदम खूश. फोनमध्ये आलेले शोकसंदेश दिले, ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ आणि त्याची भावंडं. आकडा तीन. सत्तेचाळीस माणसांनी त्याचं सांत्वन केलं होतं आणि मॉडेलला त्यांतल्या एकाही शब्दाचं नवल वाटलं नव्हतं. पुष्करलाही वाटलं नव्हतं, त्या बाबतीत दोघांचं जमलं. मग त्यानं सरांच्या वाक्यांतले शब्द पिसून, उलटेसुलटे करून दिले. आकडा तीन हजारांवर गेला. म्हणजे मॉडेल अगदीच बिनडोक नव्हतं. मराठी आणि कचरा यांतला फरक त्याला कळत होता. त्यानं वाचलेली मराठी मात्र इंटरनेटवरची होती, बातम्यांची आणि जाहिरातींची. ग्वाल्हेरच्या मास्तरांची नव्हती. अनोळखी असणं आणि चूक असणं या दोन गोष्टी त्याच्याकडे एकाच आकड्यात होत्या.

मग ब्लू. उत्तरपत्रिकेत ‘पंप चालू करण्याआधी टाकीत पाणी पूर्ण भरा’ असं होतं. त्यानं मशीनच्या बाजूला ‘पंप चालू करण्याआधी टाकीत पाणी पूर्ण उकळा’ असं लिहिलं. गुण एक्याऐंशी. मग सरांच्या पद्धतीनं लिहिलं, ‘आधी टाकी भरा, मग पंपाला हात लावा.’ गुण शून्य.

गरिमा मागे येऊन उभी होती. त्यानं तिला हिंदीत अर्थ सांगितले.

“एक-एक वाक्य पे ब्लू नहीं लगाते,” ती म्हणाली. “वो पूरे ढेर के लिए है.”

“ढेरात काय वेगळं होतं?” पुष्कर हिंदीतच म्हणाला. “चार माणसांनी चार तऱ्हांनी केलेली उत्तरं असती तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे एकच माणूस होता.”

“हां. और वो भी तुम्हारे पापा.” ती म्हणाली. “और बाकी चार सौ किसने किए?”

पुष्कर पुन्हा पडद्याकडे वळला. गरिमा म्हणाली, “चालीस वाक्य निकालो. बीस इधर के, बीस उधर के, मिक्स करके. किसी मराठी पढ़ने वाले से नंबर दिलवाओ, बिना बताए किसका क्या है. मतलब सही है या नहीं, और पढ़ने में कैसा है. पाँच में से. मशीन को मशीन से पूछने का कोई अंत नहीं है.”

मराठी वाचणारं माणूस पुष्करच्या घरीच होतं. त्याची आई, इंदुताई, संध्याकाळी ओट्यावरची भांडी पुसून टेबलाशी आल्या, चष्मा लावला, आणि चाळीस वाक्यांचे कागद पुढे ओढले. प्रत्येक ओळीवर हिंदी, खाली मराठी, बाजूला दोन रिकामे चौकोन.

“खालचं कुणी केलंय ते सांगायचं नाही म्हणतोस,” त्या म्हणाल्या.

“नाही सांगायचं. म्हणजे तुझं मन कलायला नको.”

“बरं.” त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. “हे तुझ्या बाबांचं.”

“आई, ओळखायचं नाहीये. नंबर द्यायचेत.”

“देते की. अर्थाला पाच. वाचायला दोन.”

“दोन?”

“असं कोण लिहितं कूलरच्या पुस्तकात. ‘एकदाच सांगतो.’ लोकांनी पैसे देऊन घेतलाय कूलर, त्यांना दम कसला देतात. लग्न झाल्यापासून सांगत्येय मी, जरा सरळ बोलत जा म्हणून.” त्यांनी दोनाचा आकडा नीट गिरवला. “दुसरं. हेही त्यांचंच. अर्थ पाच, वाचायला तीन. हे बरंय.”

अशा त्या चाळीस वाक्यं वाचत गेल्या. नवऱ्याची वीसच्या वीस ओळखली. एकालाही वाचायला तीनच्या वर दिले नाहीत, आणि एकाचाही अर्थ कापला नाही. बाकीच्या विसांना वाचायला चार-चार मिळत गेले. “छान आहे, गुळगुळीत आहे,” त्या म्हणत. मग एकावर त्या थांबल्या.

“‘दर हंगामात गवत बदला.’ कूलरमध्ये गवत?”

“हिंदीत घास आहे.”

“अरे, घास म्हणजे त्या बाजूच्या ताट्यांमध्ये भरतात ती, लाकडाच्या बारीक किसाची. तू नाही का बदलत दर एप्रिलात गच्चीवर? गवत काय घालायचंय, म्हैस आहे का ती?” अर्थाला त्यांनी एक दिला. आणखी दोन ठिकाणी तसंच निघालं. त्यांनी चष्मा काढला.

“ही वीस तुझी,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“हे वाचून केलेलंच नाही. घरात लोक होते तेव्हा बसायचास ना कॉम्प्युटर घेऊन, तेव्हाचं हे.”

“हो.”

“मशीनकडून करून घेतलंस?”

“हो.”

इंदुताईंनी कागद एकावर एक ठेवून सारखे केले. बराच वेळ सारखे केले, सारखे होते तरी.

“बाबांचं संग्राम काढून टाकणारे,” पुष्कर म्हणाला. “माझं ठेवणारे. बाबांचे मार्क कमी येतात.”

“मग सांग त्याला.”

“सांगितलं तर माझं कळेल.”

“कळू दे,” इंदुताई म्हणाल्या. “जेवायला बस. आमटी गार होत्येय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्करनं संग्रामसिंहाच्या टेबलावर ते कागद ठेवले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. चारशे वाक्यं त्याची नाहीत, मशीनची आहेत. मशीनची तुलना मशीनशीच झाली, म्हणून त्र्याऐंशी. मराठीच्या मॉडेललाही ती सोपी गेली, कारण मशीन नेहमी सगळ्यांत सवयीचं तेच लिहितं. दोन्ही गवाह एकाच गल्लीतले आहेत. तो हे एखादी बस का चुकली ते सांगावं तसं सांगत होता. त्याला स्वतःलाच ते ऐकून विशेष काही वाटलं नाही.

“यार पुष्कर,” संग्रामसिंह म्हणाला.

“हो.”

“आधी बोलायला काय झालं होतं तुला?”

“लक्षात नाही आलं. तेव्हा काहीच लक्षात येत नव्हतं.”

संग्रामसिंहानं डोकं खाजवलं. “ठीक आहे. तुझे चारशे गेले. पण सरांचे सहाशे ठेवून मी काय करू? चौदा पाठवू? काकूंनीच वाचायला दोन दिलेत. असा मास्तर पेपर तपासायला ठेवला तर कुठलीच मशीन पास नाही होणार.”

हे खरं होतं. आईचे आकडे त्यानं लपवले नव्हते. त्यानं फक्त सरांच्या हस्ताक्षरातला एक कागद पुढे सरकवला. दोनशे बारा क्रमांकाचं वाक्य. टाईप करताना त्यानं ते न वाचता जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि उत्तरपत्रिकेत ते फेब्रुवारीपासून भाषांतर म्हणून बसलेलं होतं.

हिंदी असं होतं: ‘पंप की सफ़ाई करते समय मेन स्विच चालू रखें.’

मशीननं केलं होतं: ‘पंपाची सफाई करताना मेन स्विच चालू ठेवा.’ स्वच्छ, सरळ, मॉडेलच्या ओळखीचं.

सरांनी लिहिलं होतं: ‘हे मुळातच चुकलं आहे. असं केलं तर माणूस जाईल. कंपनीला विचारा.’

“ह्याला ब्लू किती?” संग्रामसिंहानं विचारलं.

“शून्य,” गरिमा आपल्या जागेवरून म्हणाली. तिनं आधीच पाहिलं होतं.

“आणि हे काढून टाकलं असतं, मशीनचंच उत्तर ठेवलं असतं, तर?”

“शंभर,” पुष्कर म्हणाला.

संग्रामसिंहानं तो कागद पुन्हा वाचला. मराठीत एकही जोडाक्षर नव्हतं, त्यामुळे न अडता वाचला. मग त्यानं कारखान्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या माणसानं पुस्तिका शोधली, पान शोधलं, वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “हाँ, ये तो चार साल से ऐसे ही छप रहा है. अभी तक किसी ने शिकायत नहीं की.”

तक्रार कुणी करायची, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

“आमचे एक सर होते,” संग्रामसिंह शेवटी फोनमध्ये म्हणाला, “उन्होंने की है.”

शुक्रवारी जो रिपोर्ट गेला त्यात ब्लू चौदा होता. खाली गरिमानं हिंदीत तीन ओळी लिहिल्या होत्या: उत्तरं एकाच माणसाची आहेत आणि ती त्याच्या ढंगाची आहेत, हा आकडा दुसऱ्या कुठल्या चाचणीच्या आकड्याशी लावून बघू नये, वाक्यं माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय छापू नयेत. कारखान्यानं उत्तरात एवढंच लिहिलं की दोनशे बारा दुरुस्त केलं आहे, आणि विदर्भाचं काम सध्या थांबवावं, पुढच्या मोसमात बघू. संग्रामसिंह दोन दिवस पुष्करशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो त्याच्या टेबलाशी आला.

“एक ते सहाशे राहणार,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी लागतील. एकालाही हात लावायचा नाही, दोनशे बाराला पण नाही. आणि सहाशे एकपासून तू करायचं. हातानं. मशीन उघडलेली दिसली तर मीच तुला डिलीट करीन. झाले की मग मुकुंदरावांकडे जा, ते पण मराठीचे मास्तर होते, गोरखीजवळ राहतात. तेच हजार त्यांच्याकडून अलग करून घे. दोन उत्तरं तर होतील.”

“ते चार वर्षं लावतील.”

“लावू दे. कूलर कुठे पळून जातोय.”

संध्याकाळी पुष्कर घरी टेबलाशी बसला. पेपरांचा गठ्ठा अजून होता. एका बाजूला कुणा मुलाचे निबंध, दुसरी बाजू कोरी. सरांच्या पेनात शाई वाळली होती. त्यानं ते नळाखाली धरलं, बेसिन काळं झालं, मग निळसर, मग पांढरं. नवी शाई भरली.

सहाशे एक हे वाक्य असं होतं: ‘यदि कूलर से आवाज़ आना बंद हो जाए तो घबराएँ नहीं, पहले बिजली की जाँच करें.’

इंदुताई आत पोळ्या करत होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी बाहेर डोकावलं.

“किती झाली?”

“एकही नाही.”

“त्यांना पण पहिल्याला वेळ लागायचा,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पुष्करनं लिहिलं, ‘कूलरचा आवाज बंद झाला तर घाबरू नका.’ मग ते खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं. पुढे लिहिलं, ‘आधी लाइट आहे का बघा.’ त्यानं ते दोनदा वाचलं. बाबांनी असं लिहिलं नसतं. मशीननंही लिहिलं नसतं. चांगलं आहे की वाईट, ते त्याला सांगता येईना. गच्चीवरचा कूलर या वर्षी अजून कुणी सुरूच केला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. ताट्यांमधली घासही गेल्या वर्षीचीच होती.

त्यानं वाक्याच्या मागे पूर्णविराम दिला, समासात ६०१ लिहिलं, आणि घास आणायला चप्पल घातली.